‘गणित आणि विज्ञान शिकणारे विद्यार्थी’ म्हणजे नेमके कोण? नियमातला ‘आणि’ कसा तपासावा

अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचे नाव पाहा: ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’. एवढ्याशा नावात ‘व’ दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचे काम वेगळे आहे. पहिल्या ‘व’चा अर्थ, या एकाच विषयात गणितही आहे आणि संख्याशास्त्रही. दुसऱ्या ‘व’चा अर्थ मात्र ‘जो विद्यार्थी कला शाखेतही आहे आणि विज्ञान शाखेतही, त्याच्यासाठी’ असा कोणी घेत नाही. तसा विद्यार्थी असूच शकत नाही. कला शाखेचा असो वा विज्ञान शाखेचा, पुस्तक हेच, एवढेच तिथे म्हणायचे आहे.

पुस्तकाच्या नावावरून कुणाचे काही अडत नाही. हाच ‘आणि’ मदतीच्या, प्रवेशाच्या किंवा स्पर्धेच्या नियमात आला की अडते. सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत करणाऱ्या लहानमोठ्या संस्था आहेत, समाजाची मंडळे आहेत, माजी विद्यार्थ्यांचे गट आहेत. त्यांचे नियम बहुधा दोनचार जण एका बैठकीत बसून लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ते कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागतात. अशाच एका नियमाचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ:

‘अकरावीत गणित आणि विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तकांसाठी प्रत्येकी २,००० रुपये देण्यात येतील.’

वाक्य शुद्ध आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते तेही त्याला पक्के ठाऊक असणार. तरी वाचणाऱ्यांना त्यातून दोन वेगळ्या याद्या मिळतात. पहिल्या वाचनात ज्या विद्यार्थ्याकडे दोन्ही विषय आहेत तोच बसतो. दुसऱ्या वाचनात गणिताचे विद्यार्थी बसतात आणि विज्ञानाचेही बसतात, म्हणजे दोहोंपैकी एक असला तरी पुरे. पहिल्यात ‘आणि’ अटी जोडतो, दुसऱ्यात माणसे जोडतो.

पायरी १: ‘आणि’ काय जोडतो आहे ते पाहा

‘आणि’चा अर्थ ‘दोन्ही’ असाच होतो, असे बरेच जण ठामपणे सांगतात. ते खरे नाही, आणि त्यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. आपल्याच गावातली दोन वाक्ये घ्या. ‘कन्नड आणि तेलुगू बोलणारा कार्यकर्ता हवा.’ इथे दोन्ही भाषा येणारा माणूस हवा आहे, यात कुणाला शंका येणार नाही. आता ‘कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांत पत्रके वाटा.’ पूर्व भागातल्या फक्त तेलुगू बोलणाऱ्या घरात पत्रक द्यायचे नाही, असा अर्थ कुणीही काढणार नाही. वाक्याची बांधणी तीच आणि ‘बोलणे’ हे क्रियापदही तेच. तरी पहिल्या वाक्यात अटी जोडल्या गेल्या, दुसऱ्यात घरे.

हा फरक ऐकणाऱ्याला आपोआप कळला, कारण वाक्य कशासाठी आहे ते त्याला ठाऊक होते. एका माणसाची निवड करायची असली की आपण अटींची बेरीज करतो. पुष्कळ जणांपर्यंत पोहोचायचे असले की माणसांची बेरीज करतो. आपला नियम या दोहोंच्या मधोमध अडकला आहे. मदत पुष्कळांना द्यायची आहे, पण निवडही करायची आहे. म्हणून दोन समंजस माणसे तो दोन तऱ्हांनी वाचतात आणि दोघेही मनापासून वाचतात.

विभक्तीकडे पाहून थोडा अंदाज येतो. ‘गणिताचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी’ असे प्रत्येक शब्दाला प्रत्यय लावून लिहिले तर मन दोन गटांकडे झुकते. ‘गणित आणि विज्ञान घेतलेला विद्यार्थी’ असे एकवचनात लिहिले तर मन दोन्ही विषयांकडे झुकते. पण हा फक्त कल आहे. यावर पैशांचा निर्णय ठेवू नये.

पायरी २: चार चौकोन काढा आणि प्रत्येकात एक खरा विद्यार्थी बसवा

कागदावर दोन ओळी आणि दोन स्तंभ काढा. ओळी ‘गणित आहे’ आणि ‘गणित नाही’ अशा, स्तंभ ‘विज्ञान आहे’ आणि ‘विज्ञान नाही’ असे. चार चौकोन तयार होतात. आता प्रत्येकात वर्गात खरोखर दिसेल असा विद्यार्थी बसवायचा. हेच करायचे राहून जाते, म्हणून घोळ होतो.

दहावीत हे चौकोन काढले तर एकच भरतो. राज्य मंडळाच्या दहावीत गणित आणि विज्ञान व तंत्रज्ञान हे दोन्ही विषय जवळपास सगळ्यांनाच असतात. त्यामुळे तिथे दोन्ही वाचनांची यादी एकच येते आणि नियम निर्दोष वाटतो. दहावीसाठी वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला मजकूर अकरावीसाठी तसाच उचलला की मग तो फुटतो.

अकरावीत चारही चौकोनांत माणसे आहेत. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेला मुलगा, म्हणजे ज्याला सगळे पीसीएमचा म्हणतात, तो ‘दोन्ही’च्या चौकोनात येतो. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणारी पीसीएमबीची मुलगीही तिथेच येते. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली, नीटची तयारी करणारी पीसीबीची मुलगी ‘विज्ञान आहे, गणित नाही’ या चौकोनात येते. वाणिज्य शाखेत गणित घेतलेला मुलगा ‘गणित आहे, विज्ञान नाही’ या चौकोनात जातो. गणित न घेतलेली वाणिज्य आणि कला शाखेची मुले चौथ्या चौकोनात.

‘दोन्ही’ आणि ‘एकही नाही’ या चौकोनांबद्दल वाद होत नाही. पहिला गट दोन्ही वाचनांत आत असतो, शेवटचा दोन्ही वाचनांत बाहेर. प्रश्न फक्त उरलेल्या दोन चौकोनांचा आहे. म्हणून समितीला ‘आणि’चा अर्थ विचारत बसू नका. तिला दोनच प्रश्न विचारा: पीसीबीच्या मुलीला पैसे द्यायचे का? वाणिज्य शाखेत गणित घेतलेल्या मुलाला द्यायचे का? दोघांनाही ‘हो’ आले तर दुसरे वाचन, दोघांनाही ‘नाही’ आले तर पहिले.

कधी एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर येते. मग समजावे की समितीच्या मनातला नियम वेगळाच आहे. पीसीबीला हो आणि वाणिज्यला नाही म्हटले, तर खरा नियम ‘विज्ञान शाखेचे सर्व विद्यार्थी’ एवढाच आहे आणि ‘गणित’ हा शब्द तिथे उगाच आला आहे. असे होणे दुर्मीळ नाही. ‘गणित-विज्ञान’ ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसली आहे की विज्ञान म्हणायचे असले तरी दोन्ही शब्द निघून जातात.

याच वेळी ‘विज्ञान’ म्हणजे काय, तेही ठरवून घ्या. अकरावीत ते शाखेचे नाव आहे, विषयाचे नव्हे. गुणपत्रिकेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे वेगवेगळे विषय असतात. ‘विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेला’ असे लिहिले की बोनाफाइडवरून लगेच तपासता येते.

पायरी ३: दोन्ही वाचनांनी मोजा

समजा १२० अर्ज आले. गणित घेतलेले ६४, विज्ञान शाखेचे ७८, आणि दोन्ही असलेले ४६. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.)

पहिल्या वाचनात ४६ जण पात्र ठरतात. प्रत्येकी २,००० प्रमाणे ९२,००० रुपये लागतात.

दुसऱ्या वाचनात ६४ आणि ७८ मिळून १४२ होत नाहीत. मुळात अर्जच १२० आहेत. दोन्ही असलेले ४६ जण दोन्हीकडे मोजले गेले, म्हणून ते एकदा वजा करायचे: ६४ + ७८ − ४६ = ९६. खर्च १,९२,००० रुपये. एका ‘आणि’च्या दोन वाचनांत बरोबर एक लाखाचा फरक पडला.

चौकोनांतून हाच हिशेब पडताळता येतो. फक्त गणित १८, फक्त विज्ञान ३२, दोन्ही ४६, एकही नाही २४. चारही मिळून १२० भरले पाहिजेत. न भरल्यास कुणीतरी दोनदा मोजले गेले आहे किंवा कुणाचा विषय लिहायचा राहिला आहे. ही बेरीज केल्याशिवाय यादीवर सही करू नये.

आणखी एक वाचन अधूनमधून डोके वर काढते. दोन उपसमित्या असतील, एक गणिताची यादी करणार आणि दुसरी विज्ञानाची, तर ४६ मुलांची नावे दोन्ही याद्यांत येतात आणि त्यांना दोनदा पैसे जातात. तेव्हा खर्च १४२ × २,००० = २,८४,००० रुपये होतो. तसेच द्यायचे असेल तर ‘प्रत्येक विषयासाठी’ हे शब्द नियमात हवेत. द्यायचे नसेल तर ‘एका विद्यार्थ्यास एकदाच’ हे शब्द हवेत.

पायरी ४: संगणकावर यादी काढताना

दोन्ही वाचने संगणकावर सरळ करता येतात. मात्र संगणक आपला ‘आणि’ समजून घेत नाही, तो आपण निवडलेली क्रिया करतो. C स्तंभात गणित आणि D स्तंभात विज्ञान आहे, असलेल्याला Y लिहिले आहे, असे धरू. पहिल्या विद्यार्थ्याच्या ओळीत दोन वाचनांची सूत्रे अशी:

```
=AND(C2="Y",D2="Y")
=OR(C2="Y",D2="Y")
```

पहिले सूत्र दोन्ही विषय असलेल्यालाच TRUE देते, दुसरे एक असला तरी देते. इथे एक गंमतीशीर अडचण आहे: दुसऱ्या वाचनात मराठी वाक्यात ‘आणि’ असूनही सूत्रात OR लिहावा लागतो. नियमातला शब्द पाहून सूत्र लिहिले तर ५० मुले यादीतून गळतात. म्हणून सूत्र लिहिणाऱ्याला नियमाची प्रत देऊन थांबू नका. चार चौकोनांचा कागदही द्या.

एकूण संख्या काढायला:

```
=COUNTIFS(C2:C121,"Y",D2:D121,"Y")
=COUNTIF(C2:C121,"Y")+COUNTIF(D2:D121,"Y")-COUNTIFS(C2:C121,"Y",D2:D121,"Y")
```

आपल्या उदाहरणात पहिल्याचे उत्तर ४६ आणि दुसऱ्याचे ९६ आले पाहिजे.

सूत्र न लिहिता फिल्टर लावणाऱ्यांनी अधिक जपावे. दोन वेगळ्या स्तंभांवर फिल्टर लावला तर ‘दोन्ही’ असलेल्या ओळी उरतात. पण पुष्कळ याद्यांमध्ये ‘विषय’ असा एकच स्तंभ असतो आणि प्रत्येक विषयाची वेगळी ओळ असते. त्या एका स्तंभात गणित आणि विज्ञान अशा दोन्ही खुणा केल्या की दोहोंपैकी काहीही असलेल्या ओळी दिसतात, म्हणजे आपल्या उदाहरणात १४२. त्यात ४६ नावे दोनदा आहेत. उलट, अशा यादीत एका ओळीचा विषय गणितही असावा आणि विज्ञानही असावा अशी अट घातली तर शून्य उत्तर येते, कारण एका ओळीत एकच विषय आहे. शून्य आले किंवा अर्जांपेक्षा मोठा आकडा आला, तर चूक मुलांच्या अर्जात शोधू नका. आधी एका विद्यार्थ्याची एक ओळ होईल अशी यादी करून घ्या.

पायरी ५: नकार असेल तर पुन्हा पहिल्यापासून

‘गणित आणि विज्ञान न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे.’ असे वाक्य पुढे जोडले गेले की बऱ्याच जणांना वाटते, आधीच्या यादीतून उरलेले सगळे यात येतील. तसे होईलच असे नाही. ‘एकही विषय न घेतलेले’ असा अर्थ घेतला तर २४ जण. ‘दोन्ही एकत्र न घेतलेले’ असा घेतला तर १२० − ४६ = ७४.

सगळ्यात वाईट होते ते नियमाच्या दोन कलमांत दोन वेगळी वाचने वापरली गेल्यावर. पहिल्या योजनेत ‘दोन्ही’ घेतले आणि दुसरीत ‘एकही नाही’ घेतले, तर ४६ इकडे, २४ तिकडे, आणि मधली ५० मुले कुठेच नाहीत. पीसीबीच्या मुलीला पहिल्या खिडकीवर ‘तुझ्याकडे गणित नाही’ सांगतात आणि दुसऱ्या खिडकीवर ‘तुझ्याकडे विज्ञान आहे’ सांगतात. दोन्ही कारणे खरी असतात आणि मुलगी रिकाम्या हाताने परत जाते. दोन योजना एकमेकींना पूरक हव्या असतील तर दोन्ही याद्यांची बेरीज एकूण अर्जांइतकी येते का, ते जाहीर करण्याआधी पाहावे.

नकारातला ‘आणि’ किती अवघड आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २०२४ च्या पल्सिफर खटल्यावरून दिसते. शिक्षेत सवलत मिळायला आरोपीच्या पूर्वेतिहासात ‘अ, ब आणि क’ नसावेत, अशी तरतूद होती. आरोपीकडे अ आणि ब होते, क नव्हते. त्याचे म्हणणे, तिन्ही एकत्र नाहीत, म्हणून मी सवलतीला पात्र. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की तिन्हींपैकी एकही असता कामा नये. कायद्याचा मसुदा करणारे जाणकार, वाचणारे न्यायमूर्ती, तरी तिघांना दुसरे वाचन बरोबर वाटले. तेव्हा नकार आणि ‘आणि’ एकाच वाक्यात ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ६: वाक्य नव्याने लिहा

इतके झाल्यावर लिहिणे सोपे जाते. दोन्ही हवे असतील तर:

‘विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या आणि गणित हा विषयही असलेल्या विद्यार्थ्यास मदत मिळेल. दोन्ही अटी पूर्ण होणे आवश्यक आहे.’

एक पुरेसा असेल तर:

‘विज्ञान शाखेत प्रवेश, किंवा कोणत्याही शाखेत गणित हा विषय, यांपैकी किमान एक अट पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास मदत मिळेल. दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्यासही ती एकदाच मिळेल.’

नुसता ‘किंवा’ टाकून भागत नाही. ‘चहा किंवा कॉफी’ म्हटल्यावर आपण दोन्ही मागत नाही. तसे, दोन्ही विषय असलेल्या मुलाला यातून वगळले आहे का, अशी शंका येऊ शकते. ‘किमान एक’ म्हटले की ती शंका उरत नाही. ‘आणि/किंवा’ अशी तिरकी रेघ टाळावी. तिने ‘किंवा’ची शंका मिटत असली तरी दोन्ही अटी लागतात की एक, हे घाईने वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही.

वाक्याखाली दोन उदाहरणे द्यावीत आणि ती काठावरच्या चौकोनांतली असावीत: ‘उदा. वाणिज्य शाखेत गणित घेतलेला विद्यार्थी पात्र आहे. गणित न घेतलेला विज्ञान शाखेचा विद्यार्थीही पात्र आहे.’ पीसीएमच्या मुलाचे उदाहरण देऊन काही कळत नाही, तो सगळीकडेच बसतो.

मग हा मजकूर बैठकीला नसलेल्या कुणाला तरी दाखवा. त्याला ‘समजले का?’ विचारू नका. चार चौकोनांतल्या चार विद्यार्थ्यांची वर्णने द्या आणि कुणाला पैसे मिळतील ते सांगायला लावा. चारही उत्तरे समितीच्या उत्तरांशी जुळली की मजकूर फलकावर लावायला हरकत नाही.

नियम आधीच लागला असेल तर

अर्जदाराच्या बाजूने पाहू. फलकावर जुनाच मजकूर आहे आणि मुलीने पीसीबी घेतले आहे. आधी अर्जाचा नमुना पाहा. त्यात ‘गणित’ आणि ‘विज्ञान’ यांसाठी वेगळे रकाने असून एकावरच खूण करता येत असेल, तर संस्थेच्या मनात दुसरे वाचन असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही विषयांचे गुण भरणे सक्तीचे असेल तर पहिले. नियमाच्या सुरुवातीला लिहिलेला हेतूही पाहावा. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी निधी असेल तर गणित वगळले जाणार नाही.

शब्दाच्या पलीकडे हेतूकडे पाहण्याची ही रीत न्यायालयेही वापरतात. १९४० च्या औषध कायद्यातल्या व्याख्येत ‘औषधे’ आणि ‘उपचारासाठी वापरायचे पदार्थ’ हे ‘आणि’ने जोडले होते. ईश्वरसिंग बिंद्रा खटल्यात १९६८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संदर्भ पाहता तिथला ‘आणि’ ‘किंवा’सारखा वाचणे अधिक योग्य. पदार्थ हे औषधांहून वेगळेच मानले असल्यावर, एकाच वस्तूने औषधही असावे आणि वेगळा पदार्थही असावा, ही अपेक्षा जुळत नाही. मात्र हा नेहमीचा नियम नव्हे. शब्दाचा साधा अर्थ धरला तर कायद्याचा हेतू बिघडतो, असे दिसल्यावरच न्यायालये इकडे वळतात.

अंदाजाने अर्ज सोडून देऊ नका. मुदतीच्या आत अर्ज भरा आणि सोबत लेखी विचारा. ‘आणि’चा अर्थ काय, असा प्रश्न विचारला तर ‘नियमात लिहिल्याप्रमाणे’ असे उत्तर येते. त्याऐवजी नेमके लिहा: ‘मी विज्ञान शाखेत असून माझ्याकडे जीवशास्त्र आहे, गणित नाही. मी या मदतीस पात्र आहे का?’ याला हो किंवा नाही हेच उत्तर द्यावे लागते.

संस्थेने असे पत्र आल्यावर त्या एका मुलीला उत्तर देऊन थांबू नये. तिच्या चौकोनात आणखी मुले आहेत. आपल्या उदाहरणात तिथून ३२ अर्ज आले, आणि त्यांशिवाय काहींनी नियम वाचून अर्जच केला नसेल. ठरलेले वाचन इतिवृत्तात नोंदवावे, त्याच फलकावर खुलासा लावावा आणि खुलाशाच्या तारखेपासून अर्जाची मुदत निदान एक आठवडा वाढवावी. कडक वाचन ठरले आणि तोवर काहींना सैल वाचनाने पैसे दिले गेले असतील, तर ते परत मागू नयेत. त्यांनी नियम वाचूनच अर्ज केला होता.